एकाच स्क्रीनशॉटमध्ये अनेक प्रश्न : उत्तरं बरोबर, पण चुकीच्या क्रमांकाखाली

अभ्यासाच्या शंका सोडवणाऱ्यांना ही तक्रार वारंवार येते. कुणीतरी स्वाध्यायाच्या पानाचा एक स्क्रीनशॉट पाठवतं, त्यात पाच-सहा प्रश्न असतात. आपण सगळे सोडवून उत्तरं पाठवतो आणि थोड्या वेळाने निरोप येतो, "आठव्याचं उत्तर १५४ चौ. सेमी कसं? तिथे तर कर्णाची लांबी विचारलीय." गणित तपासावं तर आकडेमोडीत कुठेही चूक नसते. १५४ हे उत्तर खरंच त्याच पानावरच्या एका प्रश्नाचं असतं, फक्त आठव्याचं नसतं.

या घोटाळ्याचा त्रास साध्या चुकीपेक्षा जास्त होतो. उत्तर चुकलं तर विद्यार्थी पायऱ्या बघून चूक शोधू शकतो. पण उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या घरात जाऊन बसलं, तर तो स्वतःच्या बरोबर आलेल्या उत्तरावरच शंका घेतो, ते खोडतो आणि आपलं लिहून घेतो. म्हणून उत्तरं नेमकी कुठे सरकतात, कशामुळे सरकतात आणि पाठवण्याआधी ते कसं पकडायचं, हे एका नमुन्यावर सविस्तर मांडते.

नमुन्याचं पान

समजा, स्क्रीनशॉटमध्ये दोन रकाने आहेत. डाव्या रकान्याच्या अगदी वर एक अर्धवट ओळ दिसते, "…तर त्या संख्येची दुप्पट किती?" तिचा क्रमांक आणि सुरुवात कापली गेली आहे. तिच्याखाली हे तीन प्रश्न आहेत.

७. `2x + 5 = 17` तर `x` ची किंमत काढा.

८. एका आयताची लांबी १२ सेमी व रुंदी ५ सेमी आहे. कर्णाची लांबी काढा.

९. एका वर्तुळाची त्रिज्या ७ सेमी आहे. परीघ काढा. (π = २२/७ घ्या.)

उजव्या रकान्यात पुढचे तीन.

१०. त्याच वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा.

११. २४० चे १५ टक्के किती? पर्याय : (१) ३० (२) ३६ (३) २४ (४) ४०

१२. ३६ व ४८ यांचा (अ) मसावि (आ) लसावि काढा.

खरी उत्तरं अशी : सातव्याचं ६, आठव्याचं १३ सेमी, नवव्याचं ४४ सेमी, दहाव्याचं १५४ चौ. सेमी, अकराव्याचं ३६, बाराव्याच्या (अ) चं १२ आणि (आ) चं १४४. प्रश्न सोपे आहेत, त्यामुळे गणितात अडकायला नको. आपल्याला फक्त कोणतं उत्तर कुठे जातं तेवढं बघायचं आहे.

आधी घसरणीचा आकार बघा

उत्तरं सरकल्याची तक्रार आली की मी लगेच सगळं पुन्हा सोडवायला बसत नाही. कोणती उत्तरं जागेवर आहेत आणि कोणती नाहीत, ते आधी बघते. बहुतेक वेळा त्यावरूनच कारण समजतं.

पहिलं आणि शेवटचं उत्तर बरोबर, पण मधली सगळी विस्कटलेली असतील, तर पान रकान्याप्रमाणे वाचायचं सोडून आडवं वाचलं गेलंय. सुरुवातीची उत्तरं नीट आणि एका ठिकाणापासून पुढची सगळी एकेक घर सरकलेली असतील, तर मधला एक प्रश्न सुटलाय, किंवा सोडलेल्या प्रश्नाची रिकामी जागा क्रमांक देताना भरली गेलीय. पहिल्यापासूनच सगळी एक घर पुढे असतील आणि शेवटी एक उत्तर जास्तीचं उरत असेल, तर वरच्या अर्धवट ओळीला कुणीतरी प्रश्न म्हणून मोजलंय. आणि उत्तरांचा क्रम बरोबर, पण सातव्याला १, आठव्याला २ असे क्रमांक पडले असतील, तर ते टाइप करायच्या जागेने आपोआप घातलेले असतात.

यातली पहिली दोन कारणं सगळ्यात जास्त भेटतात, म्हणून त्यांच्याकडे नीट बघू.

आडवं वाचन

दोन रकान्यांचं पान डोळ्याला दिसतं तेव्हा पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते असं वाटणं साहजिक आहे. मोबाईलवर झूम केल्यावर तर रकान्यांमधली मोकळी पट्टी दिसतही नाही. मग सातव्यानंतर शेजारचा दहावा सुटतो, त्यानंतर आठवा, मग अकरावा, नववा आणि शेवटी बारावा.

सोडवणाऱ्याने प्रत्येक प्रश्नाचा छापील क्रमांक उचलला असता, तर या क्रमाने काहीच बिघडलं नसतं. बिघाड होतो तो उत्तरांना आपल्या मनाने ७, ८, ९, १०, ११, १२ असे क्रमांक दिल्यामुळे. मग यादी अशी तयार होते : सात ला ६, आठ ला १५४ चौ. सेमी, नऊ ला १३ सेमी, दहा ला ३६, अकरा ला ४४ आणि बारा ला मसावि-लसावि.

सात आणि बारा अगदी बरोबर आहेत, कारण आडवं वाचा की उभं, पानाचा पहिला आणि शेवटचा कोपरा तोच राहतो. पाठवण्याआधी वरचं एक आणि खालचं एक उत्तर तपासून समाधान मानायची सवय अनेकांना असते, आणि ती नेमकी इथे फसवते. दोन रकान्यांच्या पानावर तपासायचंच असेल तर मधलं उत्तर तपासा. त्यातही डाव्या रकान्यातला शेवटचा प्रश्न घेतला तर उत्तम.

आता या चुकीच्या यादीतलं कोणतं उत्तर स्वतःहून ओरडतं ते बघा. आठव्यात लांबी विचारली आहे आणि उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये आहे, ते एकक बघूनच सापडतं. अकराव्यात पर्याय दिले आहेत आणि ४४ त्यांत नाहीच. दहाव्यात क्षेत्रफळ विचारलंय आणि ३६ ला एककच नाही, हेही लक्षात येतं. पण नववा मात्र चकवतो. परीघ सेंटिमीटरमध्येच हवा आणि १३ सेमी हेही सेंटिमीटरमध्येच आहे, म्हणजे एककाची चाळणी त्याला अडवत नाही. इथे आकाराचा अंदाज लागतो. त्रिज्या ७ म्हणजे व्यास १४, आणि परीघ कधीच व्यासापेक्षा लहान असू शकत नाही. १३ हा आकडा त्या वर्तुळाचा असणं शक्यच नाही.

त्यामुळे एकक, पर्याय आणि आकाराचा अंदाज ही तिन्ही बोटं प्रत्येक उत्तरावर ठेवायची. एकट्या एककावर विसंबलो तर अशा चार चुकांमधली एखादी निसटतेच.

चित्रातला मजकूर अ‍ॅपने उचलून घेत असाल तर आडव्या वाचनाचा त्रास वाढतो. रकाने न ओळखता आल्यास अ‍ॅप शेजारशेजारच्या ओळी एकत्र जोडतं. नमुन्याच्या पानावरून मग काहीसा असा मजकूर हाती येतो :

```
7. 2x + 5 = 17 तर x ची 10. त्याच वर्तुळाचे
किंमत काढा. क्षेत्रफळ काढा.
```

एका ओळीत दोन क्रमांक दिसले, किंवा "किंमत काढा. क्षेत्रफळ काढा." अशी दोन क्रियापदं एकापाठोपाठ आली, की थांबायचं. हा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा चित्राचे दोन रकाने वेगवेगळे कापून मजकूर पुन्हा उचलणं सोपं पडतं. उचललेल्या मजकुरातले क्रमांक चित्राशी एकदा ताडूनही बघा. बारीक छपाईत १ आणि ९ दिसायला जवळचे असतात, आणि मराठी १ इंग्रजी 9 सारखा वाचला जाण्याची शक्यता असते. अकरावा प्रश्न एकोणिसावा झाला तर तो शोधत बसावं लागतं.

आपोआप क्रमांक

सोडलेल्या प्रश्नाची रिकामी जागा आपोआप भरली जाण्याचा हा बिघाड सोडवणाऱ्याच्या डोक्यात नसून टाइप करायच्या जागेत असतो. त्यामुळे तो सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

समजा, नवव्यातली π ची किंमत चित्रात पुसट आहे. ती विचारून घेऊ म्हणून आपण नववा तूर्त सोडला आणि असं टाइप केलं :

```
7. 6
8. 13 सेमी
10. 154 चौ. सेमी
11. 36
```

आपण लिहिलेलं अगदी बरोबर आहे. पण मार्कडाऊन, म्हणजे साध्या चिन्हांवरून मजकुराची मांडणी करणारी पद्धत, वापरणाऱ्या ठिकाणी हे पाठवलं की वाचणाऱ्याला ७, ८, ९, १० असे क्रमांक दिसतात. मार्कडाऊनच्या प्रचलित नियमाप्रमाणे यादीचा फक्त पहिला आकडा मानला जातो. पुढच्या ओळींत तुम्ही काहीही टाइप करा, दाखवताना क्रमांक एकेकाने वाढत जातात. परिणामी १५४ चौ. सेमी नवव्याखाली, म्हणजे परिघाखाली, गेलं आणि ३६ क्षेत्रफळाखाली. काही जुन्या पद्धतीच्या ठिकाणी तर पहिला आकडाही मानत नाहीत आणि यादी थेट १ पासून सुरू होते.

लिहिणाऱ्याच्या चौकटीत १० आणि ११ दिसतात, वाचणाऱ्याच्या पडद्यावर ९ आणि १०. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, म्हणून वाद लांबतो. अशी तक्रार आली तर "तुमच्याकडे कसं दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट पाठवा" हे आधी म्हणा.

उपाय दोन-तीन आहेत. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की मार्कडाऊन त्याला यादी समजत नाही :

```
10\. 154 चौ. सेमी
```

पण हे दर ओळीत लक्षात ठेवावं लागतं. त्यापेक्षा ओळ आकड्याने सुरूच करू नका. "प्र. १०" अशी सुरुवात केली की प्रश्न मिटतो, कारण यादी ओळखायला ओळीच्या तोंडाशी आकडा लागतो. टिंबाऐवजी कंस, म्हणजे `10)`, हा तोडगा अनेकजण सुचवतात. तो भरवशाचा नाही, आकड्यानंतरच्या कंसालाही यादी मानलं जातं. मराठी अंकांनी लिहिलेली ओळ मात्र या नियमात अडकत नाही, कारण नियम फक्त 0 ते 9 या अंकांपुरता आहे. तरीही "प्र." लिहिण्याची सवय जास्त सुरक्षित, ती कुठेही चालते. एक काळजी घ्या : प्रत्येक उत्तरानंतर एक ओळ रिकामी सोडा, नाहीतर काही ठिकाणी सगळी उत्तरं एकाच परिच्छेदात चिकटून येतात.

दस्तऐवज लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या रूपात हेच होतं. "7." टाइप करून जागा सोडली की ते स्वतःच यादी बनवतं आणि एंटर दाबल्यावर पुढचा आकडा देतं. मधलं एक उत्तर काढून टाकलं की खालचे सगळे क्रमांक एकने कमी होतात, आणि ते होताना आपलं लक्ष वरच्या मजकुरात असतं. यादी आपोआप बनली की लगेच `Ctrl+Z` दाबलं तर साधारणपणे मजकूर राहतो आणि फक्त यादी जाते. नाहीतर आपोआप क्रमांक देण्याची सोय सेटिंगमधून बंदच करून ठेवा. शंका सोडवणाऱ्याला ती सोय कधी उपयोगी पडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

सोडलेल्या प्रश्नाची जागा धरून ठेवा

वरच्या उदाहरणात मूळ फट नववा सोडल्यामुळे पडली. प्रश्न सोडायला हरकत नाही, पण त्याची ओळ गाळू नका. "प्र. ९ – π ची किंमत पुसट दिसतेय, २२/७ आहे की ३.१४ ते कळवा" अशी ओळ नवव्याच्या जागी हवीच. दोन किमतींनी उत्तरं ४४ आणि ४३.९६ अशी वेगळी येतात, त्यामुळे विचारणंही गरजेचं आहे. त्या ओळीमुळे पुढचं काहीच सरकत नाही, आणि विद्यार्थ्यालाही समजतं की नववा विसरलेला नाही, थांबवलेला आहे.

पोटप्रश्नांनाही हेच लागू. बाराव्यातला फक्त (आ) येत असेल तर "प्र. १२ (अ)" ची ओळ रिकामी का होईना, पण ठेवा. "१२. १४४" एवढंच लिहिलं तर वाचणारा ते मसावि समजून मोकळा होईल.

"त्याच", "वरील", "खालील"

दहावा प्रश्न पुन्हा वाचा : त्याच वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा. त्यात एकही आकडा नाही. त्याची माहिती नवव्यात आहे आणि नववा डाव्या रकान्याच्या तळाशी आहे. प्रश्न वेगवेगळे कापून सोडवणारे इथे हमखास अडतात. दहाव्याचं कात्रण एकटं बघितलं की वर्तुळ कोणतं ते कळत नाही, आणि मग "माहिती अपुरी" असं उत्तर जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारी दिसणाऱ्या १२ आणि ५ मधून कुणीतरी त्रिज्या काढतं.

म्हणून सोडवायला घेण्याआधी पूर्ण पानावरून एकदा फक्त या शब्दांसाठी नजर फिरवा : त्याच, वरील, खालील, पुढील आकृतीवरून, प्र. अमुक ते तमुक साठी. जिथे असा शब्द दिसेल तिथे कच्च्या कागदावर बाण काढा, १० पासून ९ कडे. आकृती एक आणि तिच्यावर तीन प्रश्न असतील, तर ती सूचना कुठल्या प्रश्नापर्यंत लागू आहे तेही लिहून ठेवा. सूचनेची हद्द ओलांडून पुढच्या प्रश्नालाही तीच आकृती लावणं ही चूक उत्तरं सरकण्याइतकीच घातक असते, आणि ती क्रमांक ताडून सापडत नाही.

वरची अर्धवट ओळ

तिला क्रमांक देऊ नका. खाली ७ आहे म्हणजे वर ६ असणार, असं वाटतं खरं. पण ती सहाव्याचा शेवटचा पोटप्रश्न असू शकते, किंवा मधलं पानच गाळलेलं असू शकतं. "सगळ्यात वरच्या अर्धवट प्रश्नाची सुरुवात दिसत नाही, हवा असल्यास पूर्ण पाठवा" एवढं पुरतं.

याच ओळीमुळे बोलण्यातही गोंधळ होतो. विद्यार्थी म्हणतो, "तिसरा परत समजवा." त्याच्या मोजणीत अर्धवट ओळ धरली तर तिसरा म्हणजे आठवा, न धरली तर नववा, आणि पुस्तकातला तिसरा हवा असेल तर तो या चित्रात नाहीच. अशा वेळी अंदाज न करता "कर्णाचा की परिघाचा?" असं विचारावं. प्रश्न विषयाने ओळखला की मोजणीचा प्रश्नच येत नाही.

क्रमांक आणि उत्तर एकमेकांना चिकटले की

सातव्याचं उत्तर ६. ते "७. ६" असं लिहिलं आणि मधली जागा थोडी कमी पडली, की वाचणाऱ्याला ७.६ दिसतं. बाराव्याच्या (अ) चं उत्तर १२ आहे, "१२ १२" वाचून कुणालाही टायपिंगची चूक वाटेल. आणि अकराव्याला "११ – २" लिहिलं तर तो दुसरा पर्याय की उत्तरच २? पर्याय आकड्यांनी दिलेले असतील तर ही शंका येणारच. "प्र. ११ – पर्याय (२), म्हणजे ३६" असं दोन्ही लिहिलं तर एक चुकलं तरी दुसऱ्यावरून सापडतं.

क्रमांक आणि उत्तर यांच्यामध्ये शब्द घालायचा, हा माझा पक्का नियम आहे. तो शब्द प्रश्नातलाच निवडला तर एकाच फटक्यात दोन कामं होतात : आकडे वेगळे राहतात, आणि हे उत्तर कशाचं आहे तेही ओळीतच कळतं. याला मी ओळखखूण म्हणते. दोन-तीन शब्द पुरेत, पण ते त्या पानावर दुसऱ्या प्रश्नाला लागू पडता कामा नयेत. नवव्याला नुसतं "वर्तुळ" चालणार नाही, दहावाही वर्तुळाचाच आहे. "परीघ" हवं.

मी हे पान कसं हाताळते

चित्र आलं की आधी ते पूर्ण दिसेल इतकं लहान करून बघते. मजकूर वाचता नाही आला तरी चालेल, रकाने किती आणि क्रमांक कुठे आहेत तेवढंच बघायचं असतं. मग कच्च्या कागदावर छापील क्रमांक उभे लिहिते : वर "अर्धवट", मग ७, ८, ९, १०, ११, १२ अ, १२ आ. प्रत्येकासमोर ओळखखूण. १० समोर ९ कडे बाण. इथपर्यंत एकही गणित सोडवलेलं नसतं.

यानंतर सोडवायचा क्रम कोणताही असू शकतो. मी सोपे आधी घेते, काहींना क्रमाने जायला आवडतं. उत्तर आलं की ते कागदावरच्या त्याच क्रमांकासमोर जातं, यादीच्या शेवटी नाही. क्रमाने सोडवल्याने उत्तरं जुळतात हा समज मला पटत नाही. क्रम मोडला तरी ज्याचं घर आधी ठरलंय ते उत्तर भरकटत नाही, आणि घर ठरलेलं नसेल तर क्रमानेही भरकटतं.

चित्र फार दाट असेल तर प्रत्येक प्रश्नाचं कात्रण करते, पण कापताना छापील क्रमांक कात्रणात राहिलाच पाहिजे. क्रमांक बाहेर राहिलेलं कात्रण निनावी होतं. फाइलला नाव देताना `q07`, `q08`, `q10` असे दोन अंकी आकडे द्यावेत. `q7` आणि `q10` अशी नावं दिली तर काही ठिकाणी अक्षरांच्या क्रमाने मांडणी होते आणि `q10` आधी येऊन बसतं.

पाठवायचा मजकूर शेवटी असा होतो :

प्र. ७ (`2x + 5 = 17`) – `x` ची किंमत ६

प्र. ८ (आयताचा कर्ण) – १३ सेमी

प्र. ९ (परीघ) – π पुसट आहे. २२/७ असेल तर ४४ सेमी. कळवा.

प्र. १० (प्र. ९ मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ) – π २२/७ धरून १५४ चौ. सेमी

प्र. ११ (२४० चे १५ टक्के) – पर्याय (२), म्हणजे ३६

प्र. १२ (अ) (मसावि) – १२

प्र. १२ (आ) (लसावि) – १४४

वरचा अर्धवट प्रश्न – सुरुवात दिसत नाही, पूर्ण पाठवा.

दहाव्यात π पुन्हा लिहिलंय, कारण नवव्याचं उत्तर बदललं तर दहाव्याचंही बदलेल, आणि ते विद्यार्थ्याला आधीच कळायला हवं.

पाठवण्याआधीची तपासणी

ती खालून वर करा. वरून खाली तपासताना आपण ज्या ओघात लिहिलं त्याच ओघात वाचत जातो आणि सरकलेलं उत्तरही ओळखीचं वाटतं. खालून घेतलं की प्रत्येक उत्तरासाठी चित्रात जाऊन क्रमांक शोधावाच लागतो. उत्तर वाचा, चित्रातला क्रमांक शोधा, ओळखखूण त्या प्रश्नात आहे का बघा, एकक आणि आकार पटतो का बघा. शेवटी चित्रातले क्रमांक मोजा आणि आपल्या मजकुरातल्या ओळी मोजा. नमुन्याच्या पानात सहा क्रमांक, त्यातल्या बाराव्याचे दोन भाग म्हणून सात, आणि एक अर्धवट, म्हणजे आठ ओळी. सात भरल्या तर काहीतरी सुटलंय, नऊ भरल्या तर काहीतरी दोनदा आलंय. मात्र मोजणी जुळली म्हणून जोड्या जुळल्या असं समजू नका, आडव्या वाचनात मोजणी अचूकच असते.

पाठवून झाल्यावर पाठवलेलं एकदा उघडून बघा, लिहायची चौकट नव्हे. आपोआप क्रमांकांचा बिघाड तिथेच दिसतो.

क्रमांकच दोनदा असतील तर

काही पानांवर वर "सरावसंच" संपतो आणि खाली "संकीर्ण" सुरू होतं, दोन्हींचे क्रमांक १ पासून. एकाच चित्रात दोन १, दोन २ आणि दोन ३ येतात. इथे "प्र. २" हा पत्ता अपुरा पडतो. शीर्षक जोडा : सरावसंच प्र. २, संकीर्ण प्र. २. शीर्षक चित्रात कापलं गेलं असेल तर वरचा गट आणि खालचा गट म्हणा, आणि ओळखखूण नेहमीपेक्षा लांब द्या. काही प्रश्नांना क्रमांकच नसतो, नुसतं टिंब असतं. त्यांना आपण क्रमांक देण्याऐवजी प्रश्नाचे पहिले चार-पाच शब्द जसेच्या तसे लिहून त्यासमोर उत्तर द्यावं, कारण आपण दिलेला क्रमांक विद्यार्थ्याच्या पानावर कुठेच नसतो.